प्रत्येक निकालावर ०.९५: तपासणाऱ्या मॉडेलचा confidence आकडा ठेवावा का, आणि ठेवला तर दुरुस्त कसा करावा

तक्रार थोड्याफार फरकाने नेहमी हीच असते. एखादं भाषा-मॉडेल तपासनीस म्हणून लावलेलं असतं. त्याने निकाल द्यायचा आणि सोबत आपली खात्री किती आहे तेही सांगायचं, असं प्रॉम्प्टमध्ये लिहिलेलं असतं. चार दिवसांनी लॉग उघडला की दिसतं, सगळीकडे ०.९, ०.९५, मधेच एखादा ०.८५. बरोबर निकालावर ०.९५ आणि चुकीच्या निकालावरही ०.९५. मग कोणी प्रॉम्प्टमध्ये "प्रामाणिकपणे सांग" अशी ओळ वाढवतं, कोणी दहापैकी गुण मागतं. आकडे थोडे हलतात आणि आठवड्याभरात पुन्हा तीच तक्रार येते.

बोलायला सोपं जावं म्हणून एकच काम धरून चालू. शासन निर्णयांचे, म्हणजे जीआरचे, सोप्या मराठीत सारांश तयार होतात. दुसरं मॉडेल मूळ जीआर आणि सारांश शेजारी ठेवून पाहतं आणि असं उत्तर देतं:

```json
{"verdict": "जुळतो", "confidence": 0.95, "reason": "..."}
```

मूळ मजकुरात लिहिलंय, "ज्यांचे एकूण धारणक्षेत्र २ हेक्टरपर्यंत आहे अशा शेतकऱ्यांना अनुदान अनुज्ञेय राहील." सारांशात आलंय, "शेतकऱ्यांना अनुदान मिळेल." निकाल: जुळतो, ०.९५. तीन हेक्टरवाला माणूस हा सारांश वाचून तालुक्याला हेलपाटा घालणार आणि रिकाम्या हाताने परत येणार. हा ०.९५ कुठून आला, हे आधी बघायला हवं.

आकडा येतो कुठून

मॉडेलला "खात्री किती?" असं विचारलं की ते आत डोकावून काही मोजत नाही. निकालाचा मजकूर जसा तयार होतो तसाच आकड्याचाही मजकूर तयार होतो. ठामपणे लिहिलेल्या कारणानंतर कोणता आकडा शोभेल, तो येतो. म्हणून हे आकडे बहुतेक ०.८ ते १ या पट्ट्यात आणि पाचाच्या पटीत अडकतात. लोकही लिहिताना असेच आकडे वापरतात.

यात मॉडेलच्या घडणीचाही वाटा आहे. जीपीटी-४ च्या २०२३ सालच्या तांत्रिक अहवालात एक आलेख आहे. बहुपर्यायी प्रश्नांवर मूळ मॉडेलने पर्यायांना दिलेल्या संभाव्यता प्रत्यक्ष अचूकतेशी छान जुळत होत्या. माणसांच्या पसंतीनुसार पुढचं प्रशिक्षण झाल्यावर ती जुळणी बरीच बिघडली. आपण वापरतो ती मॉडेलं या दुसऱ्या टप्प्यातून गेलेलीच असतात. त्यामुळे "अतिआत्मविश्वास टाळ" असं सांगून मूळ दुखणं जात नाही. ०.९५ च्या जागी ०.८५ येतो, आणि तोही सगळ्यांवर सारखाच.

आधी ठरवा: आकड्यावरून कोणी काही करणार आहे का

दुरुस्तीला हात घालण्याआधी मी टीमला हा प्रश्न विचारायला लावते, कारण निम्म्या ठिकाणी उत्तर "नाही" असतं. आकडा डेटाबेसमध्ये जातो, डॅशबोर्डवर त्याची सरासरी दिसते, आणि त्याच्यामुळे एकही सारांश वेगळ्या वाटेला लागत नाही. तिथे confidence काढून टाका. त्याने नुकसान होत नाही असं वाटतं, पण होतं. "जुळतो, ९५ टक्के" असं वाचलेला तपासणारा माणूस मूळ जीआर उघडतच नाही.

ठेवायचा असेल तर तो एखाद्या निर्णयाला जोडा, आणि उंबरठा हिशेबाने काढा. समजा, एक सारांश माणसाने तपासायला ५ मिनिटं लागतात. चुकीचा सारांश बाहेर गेला तर फोन, दुरुस्ती, पुन्हा प्रकाशन मिळून ३० मिनिटं जातात. मग चुकीची शक्यता सहात एक, म्हणजे साधारण १७ टक्क्यांहून जास्त असेल तेव्हाच माणसाकडे पाठवणं परवडतं. तीच चूक १०० मिनिटांची असेल, तर उंबरठा विसात एकावर, म्हणजे ५ टक्क्यांवर येतो. "०.८ च्या खालचे सगळे तपासा" असा नियम अनेक ठिकाणी असतो, आणि तो ०.८ कुठून आला हे विचारलं तर कोणालाच सांगता येत नाही.

या हिशेबामुळे आकड्याचा अर्थही पक्का होतो. ०.९ लिहिलेले शंभर निकाल घेतले, तर त्यातले नव्वदच्या आसपास जाणत्या माणसाच्या निकालाशी जुळले पाहिजेत. एवढंच. सारांश किती चांगला, चूक किती गंभीर, हे त्यात मिसळू नका. "मोठी चूक आहे म्हणून ०.९५, किरकोळ आहे म्हणून ०.६" असं लिहिणारी मॉडेलं मी पाहिली आहेत, आणि माणसंही. गांभीर्य हवं असेल तर त्याला वेगळं फील्ड द्या.

"ठरवता येत नाही" हा वेगळा निकाल

ही दुरुस्ती सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. जीआरमध्ये असं वाक्य हमखास सापडतं: "संदर्भाधीन शासन निर्णयातील परिच्छेद ३ वगळण्यात येत आहे." परिच्छेद ३ मध्ये काय होतं ते जुन्या जीआरमध्ये आहे, आणि तो मॉडेलला दिलेलाच नाही. सारांश म्हणतो, "उत्पन्नाची अट रद्द." हे बरोबर असेल किंवा नसेल. दिलेल्या कागदावरून ते कोणीच सांगू शकत नाही, मंत्रालयातला मुरलेला अधिकारीसुद्धा.

दोनच पर्याय असतील तर मॉडेल इथे "जुळतो, ०.७" असं काहीतरी लिहितं. मग हा ०.७ आणि वाक्यरचना अवघड आहे म्हणून आलेला ०.७ एकाच ढिगात पडतात. पहिल्याला जुना जीआर जोडून पुन्हा चालवायला हवं आणि दुसऱ्याला माणूस हवा. उपाय वेगळे, तर निकालही वेगळा ठेवा. तिसरा पर्याय दिला की काय नाही ते नेमकं लिहायला लावा: "संदर्भ क्र. २ चा शासन निर्णय जोडलेला नाही." नुसता तिसरा पर्याय दिला तर मॉडेल अवघड ते सगळं त्यात ढकलतं. नेमकं काय हवं हे लिहावं लागलं की ते प्रमाण आटोक्यात राहतं.

मोजणी: तीनशे निकाल, आणि आकडा झाकून

आता मुख्य काम. निव्वळ यादृच्छिक निवडलेले तीनशे निकाल घ्या. ते जीआर वाचायची सवय असलेल्या माणसाकडून तपासून घ्या, आणि त्याला मॉडेलचा निकाल आणि आकडा दाखवू नका. दाखवलात तर तो नकळत मॉडेलच्या बाजूला झुकतो आणि तुमचं मोजमाप फुगतं. त्यातले पन्नासेक निकाल दुसऱ्या व्यक्तीलाही द्या. दोन जाणत्या माणसांचंच दहात एकदा पटत नसेल, तर मॉडेलकडून ९८ टक्के जुळणीची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

मग आकड्यांनुसार गट पाडा आणि प्रत्येक गटात किती बरोबर आले ते मोजा. कोड तीन ओळींचाच आहे:

```python
for g in sorted(set(group)):
    ok = [c for c, x in zip(correct, group) if x == g]
    print(g, len(ok), round(sum(ok) / len(ok), 2))
```

समजण्यासाठी रचलेलं उदाहरण घेऊ. ०.९५ आणि त्यावरच्या गटात १५० निकाल, त्यात १२६ बरोबर: ८४ टक्के. ०.९० ते ०.९४ मध्ये ११०, त्यात ९१ बरोबर: ८३ टक्के. ०.९० च्या खाली ४०, त्यात २९ बरोबर: ७२ टक्क्यांच्या थोडं वर. एकूण तीनशेपैकी २४६, म्हणजे ८२ टक्के.

इथे दोन वेगवेगळे आजार दिसतात, आणि ते वेगळे ओळखणं हाच सगळ्या निदानाचा गाभा आहे. पहिला आजार: आकडा फुगलेला आहे. ९५ म्हणतो आणि ८४ निघतात. हा सोपा आहे, आकडा खाली ओढला की झालं. दुसरा आजार: वरच्या दोन गटांत फरकच नाही. ८४ आणि ८३ हे एकच आहे, कारण एवढ्या नमुन्यात सहा-सात टक्के इकडेतिकडे निव्वळ योगायोगाने होतात. तिसरा गट खाली दिसतो खरा, पण चाळीसच्या नमुन्याला चौदा टक्क्यांची ढील असते, म्हणजे खरी अचूकता ५९ ते ८६ मध्ये कुठेही असू शकते. तेव्हा हा आकडा बरोबर आणि चूक यांना वेगळं करतो असं छातीठोक म्हणता येत नाही. असा आकडा कितीही ताणा किंवा दाबा, उपयोग शून्य. तो बदलावाच लागतो.

हे एका आकड्यात पाहायचं असेल तर ब्रायर स्कोअर काढा. ग्लेन ब्रायर यांनी तो १९५० साली हवामानाच्या अंदाजांसाठी मांडला. दिलेली संभाव्यता आणि प्रत्यक्ष निकाल (बरोबर असेल तर १, चूक असेल तर ०) यांच्यातल्या फरकाचा वर्ग करायचा आणि त्याची सरासरी घ्यायची. जितका कमी तितका चांगला. वरच्या तीनशे निकालांवर सरसकट ०.९५ लिहिलं तर स्कोअर ०.१६४५ येतो. एकही जीआर न वाचता सगळ्यांवर ०.८२ लिहून टाकलं तर ०.१४७६. म्हणजे न वाचणारा जिंकला. तुमच्या आकड्याला निदान या ०.१४७६ च्या खाली जाता आलं पाहिजे, नाहीतर त्यात प्रत्येक निकालाबद्दल म्हणून काही माहिती नाही.

नुसतं कॅलिब्रेशन, म्हणजे लिहिलेला आकडा प्रत्यक्ष अचूकतेशी जुळतो का एवढंच, तपासून समाधान मानणारे इथेच फसतात. सगळ्यांवर ०.८२ लिहिणारा पूर्ण कॅलिब्रेटेड असतो आणि तरीही कोणता सारांश तपासायचा हे तो सांगू शकत नाही.

आकडा विचारू नका, तो काढा

माझ्या अनुभवात सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे तोच निकाल पाच वेळा मागणं आणि एकमत मोजणं. प्रॉम्प्टमधलं confidence काढून टाका. टेम्परेचर, म्हणजे उत्तर दरवेळी किती बदलू द्यायचं ते ठरवणारी सेटिंग, ०.७ च्या आसपास ठेवा. शून्यावर ठेवलंत तर पाचही वेळा जवळपास तेच उत्तर येईल आणि एकमताला काही किंमत राहणार नाही. शक्य असेल तर दोन धावांत सारांश आधी आणि जीआर नंतर द्या. क्रम बदलल्यावर निकाल बदलत असेल तर ती अनिश्चितता खरी आहे.

आपल्याच उदाहरणात समजा असं निघालं. पाचही वेळा एकच निकाल: २१०, त्यात १८९ बरोबर, ९० टक्के. चार विरुद्ध एक: ५४, त्यात ३७ बरोबर, साधारण ६९ टक्के. तीन विरुद्ध दोन: ३६, त्यात २० बरोबर, ५६ टक्के. एकूण अचूकता तीच, २४६ च. पण आता गट खरोखर वेगळे पडले. निकालावर हेच आकडे लिहिले तर ब्रायर स्कोअर ०.१३१ च्या आसपास येतो, म्हणजे न वाचणाऱ्यापेक्षा चांगला. ज्या नमुन्यावर आकडे काढले त्याच नमुन्यावर ते तपासले की चित्र थोडं जास्तच गोंडस दिसतं. म्हणून दीडशेवर आकडे काढा आणि उरलेल्या दीडशेवर तपासा.

मग लिहायचं काय? "एकमत ५/५" हे जसंच्या तसं साठवा, आणि त्याच्या शेजारी मोजलेली अचूकता: ०.९०, ०.६९, ०.५६. गट तीनच, आकडे तीनच. तीनशे नमुन्यांवर ०.८७ आणि ०.८९ यांत फरक दाखवणं म्हणजे नसलेली अचूकता मिरवणं आहे.

दुसरी पद्धत टोकनच्या, म्हणजे मॉडेल ज्या तुकड्यांनी मजकूर लिहितं त्यांच्या, संभाव्यतेची, logprobs ची. ती स्वस्त आहे, एकदाच चालवावं लागतं, पण तिच्यात दोन खड्डे आहेत. मॉडेलने आधी कारण लिहिलं आणि मग निकाल, तर निकालाच्या टोकनची संभाव्यता जवळपास १ येते, कारण कारण लिहितानाच निकाल ठरून गेलेला असतो. ती संभाव्यता म्हणजे "या कारणानंतर हा निकाल येईल का" याचं उत्तर आहे, निकाल खरा आहे का याचं नाही. दुसरा खड्डा खास मराठीतला. "जुळतो" आणि "जुळत नाही" यांची सुरुवात सारखीच आहे, आणि देवनागरी शब्दांचे टोकन अनेकदा अक्षरांच्याही तुकड्यांत पडतात. पहिल्या टोकनवर संभाव्यता ०.९९ दिसते, पण ती "जुळ"ची असते, आणि खरा फाटा दोन-तीन टोकन पुढे फुटतो. म्हणून "जुळतो"साठी A, "जुळत नाही"साठी B, "ठरवता येत नाही"साठी C असा निकाल एकेका अक्षरात मागा आणि मराठी शब्द नंतर कोडमध्ये लावा.

५/५ आणि तरी चूक

एकमताची पद्धत डगमगणं पकडते, ठाम गैरसमज पकडत नाही. म्हणून २१० मधले २१ चुकीचे निकाल एकेक करून वाचा. ते बहुधा एकाच जातीचे निघतात. आपल्या कामात ती जात म्हणजे गळालेली अट: "२ हेक्टरपर्यंत", "आर्थिक वर्ष संपेपर्यंत", "जिल्हाधिकाऱ्यांच्या मान्यतेच्या अधीन राहून". सारांशात जे आहे ते मूळ मजकुरात सापडतं, म्हणून मॉडेल पाचही वेळा "जुळतो" म्हणतं. सारांशात जे नाही त्याची कमतरता ते शोधतच नाही. हे आकड्याने सुटणार नाही. निकालाच्या आधी मूळ जीआरमधल्या सगळ्या अटी, मुदती आणि अपवाद यांची यादी करायला लावा, आणि प्रत्येक अट सारांशात आहे की नाही ते लिहायला लावा. मग पुन्हा मोजा.

याच वेळी निकालानुसारही फोड करा. समजा, त्या २१० मध्ये "जुळतो" १८० आणि त्यात २० चूक, तर "जुळत नाही" ३० आणि त्यात १ चूक. एकत्र ९० टक्के दिसत होतं, पण "जुळतो"वर चुकीची शक्यता ११ टक्के आहे आणि "जुळत नाही"वर साधारण ३. बाहेर जातात ते "जुळतो"वाले, तेव्हा हिशेबात ११ घ्यायचे. तीस मिनिटांच्या चुकीचा उंबरठा १७ होता, म्हणून ५/५ वाले सरळ जाऊ शकतात आणि बाकीचे माणसाकडे जातील. शंभर मिनिटांच्या चुकीला उंबरठा ५ होता. तिथे एकही गट पार होत नाही, सगळेच तपासावे लागतात, आणि आकडा फक्त कोणते आधी तपासायचे एवढं सांगतो. तेही उपयोगाचं आहे, पण मग "आपोआप प्रकाशित" हे बटण काढून टाका.

सहा महिन्यांनी पुन्हा बिघडतो तेव्हा

तक्रार परत येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हे: माणसं फक्त कमी खात्रीचे निकाल तपासतात. ५/५ वाले कोणी बघत नाही, म्हणून त्यांच्या चुका नोंदीत येतच नाहीत, आणि नोंदीवरून काढलेली अचूकता दर महिन्याला सुधारताना दिसते. यावर उपाय एकच. सगळ्या गटांतून, एकमत कितीही असो, वीसात एक निकाल यादृच्छिक उचलून आकडा झाकून तपासायला द्या, आणि कॅलिब्रेशन फक्त याच नमुन्यावर मोजा.

पुरवठादाराने मॉडेलची आवृत्ती बदलली, तुम्ही प्रॉम्प्टला हात लावला, किंवा कृषी विभागाच्या जोडीला महसूल विभागाचे जीआर सुरू झाले, तर कोणत्या गटाची किती अचूकता याचा जुना तक्ता रद्द समजा. सारांश लिहिणारं मॉडेल सुधारलं तरीही तक्ता बदलतो, आणि हे लोकांच्या लक्षात येत नाही. चुकीचे सारांश पाचात एकावरून विसात एकावर आले, की त्याच "जुळत नाही, ५/५" निकालात खोट्या तक्रारींचं प्रमाण वाढतं, जरी तपासणारं मॉडेल तसूभरही बदललं नसलं तरी. अशा वेळी प्रत्येक निकालासोबत तक्त्याची आवृत्ती साठवलेली असली की निस्तरणं सोपं जातं:

```json
{"verdict": "B", "agree": "5/5", "p_correct": 0.97, "calib": "2025-06-krushi"}
```

नवा तक्ता तयार होईपर्यंत p_correct रिकामं ठेवा आणि agree तेवढं दाखवा.